अकरावी-बारावीला संतांची समता शिकवताना: चोखोबांच्या घरातले अभंग

मृदुला_म
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला मराठी शिकवते. संतकाव्यातला समतेचा विचार शिकवायला वेळापत्रकात लागून दोन तास मिळणार आहेत, ४५ मिनिटांचे. अडचण अशी की मुलांपुढे कोणताही अभंग ठेवला, तरी उत्तर एकच येतं: 'या अभंगातून संतांनी समतेचा संदेश दिला आहे. सर्व माणसे समान आहेत.' खाली तुकाराम लिहा, जनाबाई लिहा, सावता माळी लिहा, उत्तराचं काही बिघडत नाही. चोखोबांचा 'ऊस डोंगा' घेतला तर 'माणसाच्या दिसण्यावर जाऊ नये' असं लिहितात. म्हणजे जात तर गेलीच, वर अभंग सुविचाराच्या फळ्यावर जाऊन बसला.

हे ठोकळेबाज उत्तर लिहिताच येणार नाही असे कोणते अभंग घ्यावेत, आणि कोणत्या क्रमाने? कल्याणकारी सल्ले नकोत, वर्गात चालेल असं सांगा.

कट्ट्यावरचा
'समतेचा संदेश दिला आहे' असा रबरी शिक्का करून घ्या. मुलांचे हात वाचतील, तुमचे डोळे.

वारीवाला
एवढं पुस्तकात डोकं कशाला घालायचं? पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा मुलांना घेऊन जा. तुकोबांची निवडुंग्या विठोबाला नाना पेठेत, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. तिथे कोणी कोणाची जात विचारत नाही, सगळे एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात. वारीत जात नव्हतीच कधी. समता डोळ्यांनी दिसते.

जुना_खडू
मृदुलाताई, 'ऊस डोंगा' आधी घेऊ नका, शेवटी घ्या. कारण खाली सांगतो. दोन तासांत चार-पाच संत घेण्यापेक्षा एकच घर घ्या: चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा. काळ एक, गाव मंगळवेढं, जात एक, देव एक. इतकं सगळं सारखं असूनही तिघं तीन वेगळ्या गोष्टी बोलतात, त्यामुळे 'संतांनी संदेश दिला' हे वाक्य तिघांना एकदम लावताच येत नाही.

पहिला चोखोबांचा:

शुद्ध चोखामेळा। करी नामाचा सोहळा॥
हीन याती माझी महार। पूर्वी निळाचा अवतार॥
कृष्णनिंदा घडली होती। म्हणोनि महार जन्म प्राप्ती॥
चोखा म्हणे विटाळ। आम्हां पूर्वींचे हें फळ॥

दुसरा सोयराबाईंचा:

देहासी विटाळ म्हणती सकळ। आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध॥
देहीचा विटाळ देहीच जन्मला। सोवळा तो झाला कवण धर्म॥
विटाळावांचोनी उत्पत्तीचे स्थान। कोण देह निर्माण नाही जगी॥
म्हणुनी पांडुरंगा वानितसे थोरी। विटाळ देहांतरी वसतसे॥
देहीचा विटाळ देहीच निर्धारी। म्हणतसे महारी चोखियाची॥

तिसरा कर्ममेळ्याचा:

आमुची केली हीन याती। तुज कां न कळे श्रीपती॥
जन्म गेला उष्टें खातां। लाज न ये तुमचे चित्ता॥
आमचे घरीं भात दहीं। खावोनी कैसा म्हणसी नाहीं॥
म्हणे चोखियाचा कर्ममेळा। कासया जन्म दिला मला॥

फळ्यावर तीनच रकाने आखायचे: कोणाशी बोलतात, जातीचं कारण काय सांगतात, मागणं काय आहे. प्रत्येक रकान्यात अभंगातलाच शब्द भरायचा, स्वतःचा नाही. चोखोबांच्या कारणाच्या रकान्यात 'पूर्वींचे फळ' येईल. सोयराबाईंकडे तिथे काहीच येणार नाही, कारण त्या कारण सांगत नाहीत, कारणावर प्रश्न विचारतात: 'सोवळा तो झाला कवण धर्म?' कर्ममेळ्याकडे 'आमुची केली', म्हणजे कोणीतरी केली. एकाच्या मते जात मागच्या जन्माची भरपाई, दुसऱ्याच्या मते ती देवाने करून ठेवलेली, आणि आईच्या मते सोवळं-ओवळं हीच मुळात न टिकणारी गोष्ट. हा रकाना भरला की मुलं आपसूक म्हणतात, 'पण मग हे तिघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत.' तिथे तास लागला असं समजा.

गंधाली
खडूकाका, पहिला अभंग द्यायचाच कशाला? त्यात चोखोबा अस्पृश्यतेला पूर्वजन्मीच्या पापाचं फळ म्हणतात. सोळा वर्षांच्या मुलासमोर हे ठेवायचं आणि वर म्हणायचं समता शिकवतोय? वर्गात त्या समाजातली मुलं बसलेली असतात. त्यांनी काय घ्यायचं?

चिकित्सक
शिवाय तो अभंग चोखोबांचाच कशावरून? पुढे कोणीतरी घुसडला असणार. ज्या माणसाने 'कोण तो सोवळा कोण तो वोवळा। दोहींच्या वेगळा विठ्ठल माझा' म्हटलं, तो माणूस असं म्हणेलच कसा? गाथेतली ही भेसळ वगळून शिकवावं.

जुना_खडू
चिकित्सकराव, प्रक्षेपाची शंका घ्यायला हरकत नाही. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले अशी परंपरा आहे, आणि पुढची कित्येक शतकं ते तोंडी आणि वह्यांतून फिरले. पण 'मला पटत नाही म्हणून तो त्यांचा नाही' हा पुरावा होत नाही. ही कात्री हातात घेतली की 'जोहार' कापावा लागेल, 'हीन याती माझी देवा' कापावा लागेल, आणि शेवटी आपल्याला हवा तसा चोखामेळा हातात राहील. माणूस एका दिवशी विटाळ कोणाला नाही असं म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच नशिबाचा हिशेब मागच्या जन्माशी लावतो, यात अशक्य काय आहे? चौदाव्या शतकात कर्मसिद्धांताखेरीज दुसरं कोणतं स्पष्टीकरण त्यांच्या हाताशी होतं?

गंधालीताई, तुमची हरकत जास्त खरी आहे. तो अभंग एकटा दिला तर नुकसान होईल, हे मान्य. म्हणून तो दिला की त्याच तासात सोयराबाई यायलाच हवी. मधे घंटा होता कामा नये. दोन तास लागून नसतील तर मी पहिला अभंग देणार नाही.

सदाशिवची_शलाका
विषयाला धरूनच विचारते. माझ्या भाचीला बारावीला रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य असे मुद्दे लिहावे लागतात. संतकाव्याचं तयार रसग्रहण कुठे पीडीएफमध्ये मिळेल का? भक्तिरस आणि समता दोन्ही असलेलं.

कट्ट्यावरचा
मृदुलाताईंनी ज्या रोगावर औषध मागितलं, तोच रोग शलाकाताई घाऊक भावात मागतायत.

सदाशिवची_शलाका
हसा! पेपर तपासणारे मुद्दे मोजतात, अभंग नाही.

मृदुला_म
शलाकाताई, ते खोटं नाही, म्हणून तर गोची आहे. :)
खडूकाका, सोयराबाईंच्या अभंगाबद्दल थोडं सविस्तर सांगाल का? 'उत्पत्तीचे स्थान' पाशी वर्गात मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि 'विटाळ' म्हणजे 'घाण' असं अर्ध्या वर्गाला वाटतं.

हडपसरी
मी उत्तर देते, कारण इथेच बहुतेक जण पाय घसरून पडतात.

विटाळ हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरात होता. बाईची पाळी आणि बाळंतपण हाही विटाळ, आणि महाराचा स्पर्श हाही विटाळच. आजच्या मुलांना पहिला अर्थ घरातून माहीत असतो, फक्त शब्द माहीत नसतो. 'बाजूला बसणं' किंवा आजीच्या तोंडचं 'कावळा शिवला' एवढं म्हटलं की वर्ग ओळखतो. दुसरा अर्थ त्यांना इतिहासाच्या पुस्तकातला वाटतो. सोयराबाई या दोन अर्थांना समोरासमोर उभं करतात. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता, त्याशिवाय उत्पत्तीच नाही. त्या विटाळाशिवाय तयार झालेला देह जगात एक तरी दाखवा. म्हणजे महाराची सावली टाळणारा सोवळ्यातला माणूससुद्धा त्याच विटाळातून जन्मला. मग तो कोणत्या धर्माने सोवळा झाला?

हा युक्तिवाद आहे, उपदेश नाही, आणि शिकवायचाही युक्तिवादासारखाच. पाच ओळींच्या पाच पट्ट्या करा, क्रम उलटसुलट करून चार-चार मुलांच्या गटाला द्या. लोक काय म्हणतात, त्यावर प्रश्न काय, पुरावा काय, निष्कर्ष काय, असं लावायला सांगा. बारा मिनिटं पुरतात. चौथी ओळ बहुतेक गट चुकीच्या जागी ठेवतात, कारण 'म्हणुनी' या शब्दाकडे कोणी बघत नाही. 'म्हणुनी' म्हणजे आधी पुरावा देऊन झाला.

खसखशीचं म्हणाल तर 'उत्पत्तीचे स्थान' हा शब्द टाळला की हसू वाढतं. गर्भाशय आणि पाळी हे शब्द जीवशास्त्राच्या तासाला म्हणतो त्याच आवाजात म्हणायचे आणि पुढे जायचं. उलट ती ओळ वगळली की अभंगात फक्त 'आत्मा निर्मळ' शिल्लक राहतो. मग मुलं परत 'सर्वांचा आत्मा समान' लिहितात, आणि ती चूक त्यांची नसते.

अवधूत_पु
हडपसरीताई, +१. पण 'आत्मा निर्मळ' हा भाग त्यांच्याच तोंडचा आहे ना? संतांची समता आध्यात्मिकच होती, सामाजिक नव्हे. देवापुढे सगळे सारखे, गावात ज्याचं काम त्याने करायचं. तुम्ही आजची समता त्यांच्या तोंडी घालताय.

हडपसरी
'आत्मा निर्मळ' तर सोवळेवालेही म्हणत होतेच. सोयराबाई तिथून सुरुवात करून थेट देहावर येतात आणि शेवटपर्यंत देहावरच राहतात, 'देहीचा विटाळ देहीच निर्धारी'. पाच ओळींत 'आत्मा' हा शब्द एकदा आणि 'देह' किती वेळा, हे मुलांनाच मोजू द्या. अस्पृश्यता देहावरच तर लादली होती.

जुना_खडू
अवधूत निम्मे बरोबर आहेत, आणि ते निम्मं वर्गात सांगायलाच हवं. तिघांपैकी एकही जण 'गावाने हे काम बंद करावं' असं म्हणत नाही. पहिला रकाना बघा. 'सकळ' म्हणजे समाज, तो फक्त सोयराबाईंच्या ओळीत येतो, आणि त्यांचंही शेवटी बोलणं पांडुरंगाशीच. कर्ममेळा तर भांडतोच देवाशी. एखाद्या मुलाने 'कर्ममेळा समाजाला जाब विचारतो' असं लिहिलं तर त्याला विचारायचं, कोणत्या ओळीत? 'श्रीपती' दाखवून तो गप्प होईल. हुशार असेल तर म्हणेल, 'लाज न ये तुमचे चित्ता' मध्ये 'तुमचे' आहे. वरच्या ओळीत 'तुज' होतं, इथे 'तुमचे' कसं झालं? देवाला आदराने म्हटलं की उष्टं वाढणाऱ्या सगळ्यांना? माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. वर्गात दोन्ही बाजू फळ्यावर राहू द्यायच्या.

गंधाली
'उष्टं' वरून आठवलं. पहिल्या अभंगाऐवजी चोखोबांचा 'जोहार' घ्यावा असं सुचवते:

जोहार मायबाप जोहार। तुमच्या महाराचा मी महार॥
बहु भुकेला जाहलो। तुमच्या उष्ट्यासाठी आलो॥

बाप म्हणतो 'उष्ट्यासाठी आलो', मुलगा म्हणतो 'जन्म गेला उष्टें खातां'. शब्द तोच, एका पिढीचं अंतर, आणि सूर पार उलटा. बापाच्या ओळीत उष्टं म्हणजे देवाचा प्रसाद असाही भक्तीचा अर्थ निघतो. मुलाने ती भक्तीची झूल काढून टाकली, खाली गावकीचा शिळा तुकडाच उरला. इथे पूर्वजन्माचा प्रश्नच येत नाही.

जुना_खडू
जोडी उत्तम आहे. मला सुचली नव्हती. फक्त त्यात कारणाचा रकाना रिकामा राहतो आणि तोच माझ्या मते धड्याचा कणा आहे. मृदुलाताईंनी ठरवावं.

अवांतर: 'भात दहीं' पाशी थांबून कथा सांगावी लागते, नाहीतर ओळ कळत नाही. विठोबा चोखोबांच्या घरी जेवायला बसला आणि सोयराबाईंच्या हातून पीतांबरावर दही सांडलं, अशी आख्यायिका आहे. मुलगा त्याच जेवणाची आठवण देतो: आमच्या घरी जेवलास, मग आता ओळख का नाकारतोस? रोटीव्यवहार म्हणजे काय, हे या एका ओळीवर दहा मिनिटांत शिकवता येतं.

वारीवाला
तुम्ही सगळे माझं म्हणणं विसरलात. वारीत पाचशे वर्षं एकत्र पंगती बसतायत.

हडपसरी
वारीवालेदादा, पाया पडण्याचं म्हणाल तर खरंय, ते डोळ्यांनी दिसतं. पंगतीचं मात्र खरं नाही. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या आणि दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांची जेवणं वेगवेगळी होत, हे त्यांना सलत राहिलं, तसं त्यांनी लिहून ठेवलंय. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत. मुलांना पालखीला जरूर न्या, पण 'वारीत जात नव्हतीच' असं सांगून नेलं तर बघायला काही उरत नाही.

आणि चोखोबांच्या समाधीचंच बघा ना. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. पायरीच्या समोर, दाराच्या बाहेर. संत म्हणून मान मिळाला आणि आत प्रवेश नाही, दोन्ही एकाच जागेत दिसतं. त्यांच्या जातीला ते दार उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. वजाबाकी मुलांना करू द्या, ६०९ वर्षं. 'संतांनी समता आणली' हे वाक्य त्यानंतर वर्गात कोणी सहज लिहीत नाही.

वारीवाला
इरावतीबाईंचा काळ वेगळा. आता तसं नाही.

हडपसरी
काही दिंड्यांत नाही, काहींत आहे. तुम्ही म्हणालात 'कधीच नव्हती', म्हणून बोलले.

अवधूत_पु
मग तुकोबा का नकोत? 'महारासि सिवे। कोपे ब्राह्मण तो नव्हे॥' यापेक्षा स्पष्ट समता कुठे मिळेल? हा तर थेट समाजाला उद्देशून आहे.

जुना_खडू
घ्या, पण दुसऱ्या तासाच्या शेवटी, आणि चौथा रकाना वाढवून: बोलणारा कुठे उभा आहे? तुकोबा कुणबी. त्यांचा स्वतःचा अनुभव शूद्र म्हणून वेदाचा अधिकार नसल्याचा, पण स्पर्श टाळला जाण्याचा नाही. ते शिवणाऱ्याची नाही, कोपणाऱ्याची झडती घेतात: 'नातळे चांडाळ। त्याचा अंतरीं विटाळ॥' विटाळ उचलून त्यांनी दुसऱ्याच्या पदरात टाकला. सोयराबाईंनी तो सगळ्यांत वाटून संपवला. दोन्ही डाव वेगळे आहेत. आणि 'ब्राह्मण तो नव्हे' मध्ये खरा ब्राह्मण कसा असावा हे शिल्लक राहतंच, हेही एखादा विद्यार्थी बोलेल. बोलू द्या.

हडपसरी
एक सूचना, जी वर कोणीच दिली नाही. हे अभंग मुलांना मोठ्याने वाचायला लावू नका. 'हीन याती माझी महार' ही ओळ कोणाच्या वाट्याला येईल ते तुमच्या हातात नसतं, आणि वर्गाला आडनावं पाठ असतात. त्या मुलाकडे सगळ्या माना वळल्या की पुढची चाळीस मिनिटं गेली. शिक्षिकेनेच वाचावं, सलग, आवाज न कापता. आणि 'तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आहे का?' हा प्रश्न तर चुकूनही नको. अनुभव सांगायचा असेल तर मूल तासानंतर स्वतः येतं.

शिवाय एखादा विद्यार्थी म्हणेल की आमच्या घरी चोखामेळ्याला मानत नाहीत. त्याला गप्प करू नका. आंबेडकरी चळवळीत अनेकांना 'जोहार' मधली लाचारी नको होती, आणि त्याच वेळी बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं. दोन्ही गोष्टी सांगा.

मृदुला_म
सगळ्यांचे आभार. सध्या असं जुळवलंय. पहिल्या तासाला मी स्वतः तीन अभंग वाचणार, रकाने भरणार, मग सोयराबाईंच्या पट्ट्या. दुसऱ्या तासाला 'जोहार' च्या दोन ओळी आणि कर्ममेळा शेजारी-शेजारी, मग समाधीची जागा आणि ६०९ वर्षं. शेवटची दहा मिनिटं 'ऊस डोंगा'. काका, तो शेवटी का, ते सांगायचं राहिलं तुमचं.

जुना_खडू
हो, विसरलोच. डोंगा म्हणजे वाकडा. त्या अभंगात जातीचा एकही शब्द नाही. ऊस, कमान, नदी आणि मग 'चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा'. आधी वाचला की 'वरलिया रंगा' म्हणजे रूप, असंच कोणालाही वाटणार. मुलांचा दोष नाही. विटाळाचे अभंग वाचून झाल्यावर तोच वाचला की 'वरलिया रंगा' मध्ये काय काय लपलंय ते न सांगता कळतं. अर्थ सांगू नका, फक्त विचारा: चोखा वाकडा कोणाला दिसतो?

तपासायला एक सोपी युक्ती: उत्तरातलं कवीचं नाव बोटाने झाका आणि तिथे दुसऱ्या संताचं नाव ठेवून वाचा. उत्तर तरीही खरं वाटलं तर गुण नाहीत. हा नियम मुलांना आधीच सांगून ठेवा.

गंधाली
तरी पहिल्या अभंगाबद्दल माझं मत तेच आहे. दोन तास लागून असले तरी मधल्या सुट्टीत मूल काय डोक्यात घेऊन डबा खाईल, ते तुमच्या हातात नाही.

मृदुला_म
गंधाली, त्यावर अजून ठरत नाहीये. आमच्याकडे मधली सुट्टी नेमकी त्या दोन तासांच्या मधेच येते. तासांची अदलाबदल होते का ते उद्या विचारते, नाही झाली तर तुझा 'जोहार' पहिला.

सदाशिवची_शलाका
भाचीला बोट झाकून दाखवलं. तिचं तयार रसग्रहण ज्ञानेश्वर, एकनाथ आणि केशवसुत अशा तिघांना चाललं. पीडीएफ नको आता, त्या पट्ट्या कशा करायच्या ते सांगा.